शब्द बदलले तरी वाक्य त्यांचंच राहतं: बिबट्याच्या आहारावरचं प्रकरण लिहिताना

प्रश्न: "माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या प्रकरणात बिबट्याच्या आहारावरच्या चाळीसेक पेपरांचा आढावा आहे. सिमिलॅरिटी रिपोर्ट ३१ टक्के आला. मी बहुतेक वाक्यांतले शब्द बदलले होते, शेवटी संदर्भही दिले होते. मग चुकलं कुठे? आणि सगळे पेपर जवळपास तेच सांगत असतील तर प्रत्येक वेळी वेगळं कसं लिहायचं?"

३१ हा आकडा सध्या बाजूला ठेवा. रिपोर्ट उघडून आधी बघा की रंगवलेला मजकूर नेमका कोणता आहे. संदर्भसूची, अवतरणचिन्हांत नीट श्रेय देऊन घेतलेला मजकूर, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं या गोष्टी यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार मोजणीतून वगळायच्या असतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगानं जुळलेलं किंवा सर्वसामान्य वाक्यही वगळतात. ही गाळणी लावल्यावर जे उरेल तोच तुमचा खरा आकडा. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यावं लागतं. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

मला काळजी वाटते ती "बहुतेक वाक्यांतले शब्द बदलले होते" या वाक्याची. हाच कार्यक्रम आणखी मन लावून केलात तर आकडा ८ वर येईल, पण प्रकरण आहे तितकंच उसनं राहील आणि शिवाय चुकीचंही होईल. असं का म्हणतो ते एका पेपरवर दाखवतो.

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा 'ओरिक्स'मधला २०१६ चा पेपर तुमच्या यादीत असणारच. त्याचा मुख्य निष्कर्ष असा: अहमदनगर जिल्ह्यातल्या शेतीप्रदेशात बिबट्याच्याच असल्याची खात्री झालेल्या ८५ विष्ठा तपासल्या. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या जैवभारात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा. आता शब्दबदल करून आलेलं वाक्य बघा. असं वाक्य मी विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत वारंवार वाचतो:

"पंच्याऐंशी निश्चित नमुन्यांच्या तपासणीतून आढळले की बिबट्याच्या आहारात ८७ टक्के पाळीव जनावरे असतात व त्यांतील ३९ टक्के कुत्रे असतात."

या वाक्यात मूळचा एकही लांब तुकडा नाही, सॉफ्टवेअरला काही सापडणार नाही. पण सांगाडा मूळ वाक्याचाच आहे: नमुने, मग पाळीव प्राणी, मग कुत्रे. त्याच क्रमानं, त्याच जोडणीनं. हे उसनं वाक्य आहे, संदर्भ दिला तरी. संदर्भ दिल्यानं माहिती कुणाची ते कळतं, मांडणी कुणाची ते कळत नाही. वाचक समजतो की मांडणी तुमची आहे.

आणि चुका किती झाल्या ते मोजा. "जैवभारात" गेलं आणि "आहारात" आलं. ३९ टक्के हे एकूण जैवभारापैकी होते, ते "त्यांतील", म्हणजे ८७ टक्क्यांतले झाले. "निघाला" हा एका ठिकाणचा, एका अभ्यासातला भूतकाळ "असतात" असा सार्वत्रिक नियम झाला. ठिकाण तर उडूनच गेलं. ज्यानं मूळ पेपर समजून घेतला आहे त्याच्या हातून यातली एकही चूक होत नाही, कारण तो शब्दाला शब्द शोधत नसतो.

म्हणून माझा पहिला नियम हा की पेपर समोर उघडा असताना प्रकरणातलं वाक्य लिहायचं नाही. पेपर वाचताना फक्त टिपण करायचं, आणि टिपणात वाक्यं नकोत, सहा गोष्टी हव्यात: कुठे आणि कधी, काय मोजलं, कशानं मोजलं, किती नमुने, आकडा कशाचा, आणि लेखक स्वतः किती ठामपणे बोलतात. शेवटी पान क्रमांक. वरच्या पेपरचं टिपण असं होईल: अहमदनगर, शेतीप्रदेश, आहार, विष्ठा, ८५, जैवभारातला वाटा, पाळीव ८७, कुत्रे ३९, शेळ्या ११, शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट. एखादं वाक्य इतकं नेमकं असेल की तसंच हवंसं वाटेल, तर ते टिपणातच अवतरणचिन्हांत घाला आणि पुढे पान लिहा. मी हे केलं नव्हतं, आणि त्याची किंमत मोजली आहे. पहिल्या मोठ्या अहवालाच्या वेळी माझ्या वहीत उतरवलेली इंग्रजी वाक्यं आणि माझी स्वतःची वाक्यं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात होती. आठ महिन्यांनी मला त्यातलं माझं कोणतं ते ओळखता येईना. दोन परिच्छेद जवळजवळ जसेच्या तसे दुसऱ्याचे निघाले. छपाईआधी एका सहकाऱ्यानं दाखवून दिलं म्हणून ते थांबले. त्यात हेतू वाईट नव्हता, पण वाचकाला हेतू दिसत नाही, छापलेलं पान दिसतं.

आपल्याकडे एक सोय आहे जी इंग्रजीतच विचार करणाऱ्याकडे नाही. टिपण मराठीत करा. तेही पेपर मिटून, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगावं तसं: "अगं, शेळ्या सातपट आहेत, तरी खातोय कुत्रे. शेळ्या रात्री गोठ्यात असतात ना." दोन दिवसांनी त्या मराठी टिपणावरून प्रबंधाचं इंग्रजी वाक्य लिहा. मूळ वाक्याचा सांगाडा या वाटेत गळून पडतो, कारण तो तुमच्या डोक्यात शिल्लकच राहिलेला नसतो. मात्र याची उलटी बाजूही सांगतो. प्रबंध किंवा लेख मराठीत असेल आणि इंग्रजी पेपर समोर ठेवून ओळीमागून ओळ मराठीत आणली, तर ते भाषांतर आहे. श्रेय देऊन केलं तरी ते "माझा आढावा" म्हणून खपवता येत नाही. मराठीत असं केलेलं सॉफ्टवेअर सहसा पकडत नाही, म्हणून ते फार पसरलं आहे.

आता कोणते शब्द बदलायचे नाहीत ते. परिस्थितिकीत पारिभाषिक शब्द हे मोजमापाचं नाव असतं. घनता, विपुलता, वावर असलेलं क्षेत्र, जैवभार, वारंवारिता हे एकमेकांचे समानार्थी नाहीत. शब्द तोच आला म्हणून चोरी होत नाही, आणि तो बदलला की निष्कर्ष बदलतो. आहाराच्या अभ्यासात हा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून थोडा थांबतो.

विष्ठेतल्या केसांवरून भक्ष्य ओळखतात. शंभरपैकी चाळीस विष्ठांत कुत्र्याचे केस सापडले, तर ती वारंवारिता ४० टक्के. पण लहान प्राणी खाल्ला तर दर किलो मांसामागे जास्त विष्ठा पडतात, मोठा खाल्ला तर कमी, कारण लहान प्राण्यात केस आणि हाडांचं प्रमाण अधिक असतं. म्हणून दुरुस्ती करतात. बिबट्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं समीकरण हे:

```
y = 1.980 + 0.035x
```

इथे x म्हणजे भक्ष्याचं वजन किलोत, आणि y म्हणजे सापडण्याजोग्या एका विष्ठेमागे खाल्लेलं मांस किलोत. कुत्रा २० किलोचा धरला तर एका विष्ठेमागे २.६८ किलो येतात, ४० किलोचं वासरू धरलं तर ३.३८ किलो. म्हणजे दोघांचे केस सारख्याच विष्ठांत सापडले तरी जैवभारात वासराचा वाटा मोठा निघतो. आता तुमच्या चाळीस पेपरांत काहींनी वारंवारिता दिली असणार, काहींनी जैवभार, काहींनी दोन्ही. "कुत्र्यांचं प्रमाण अमुक ते तमुक टक्के आढळलं (पाच संदर्भ)" असं वाक्य लिहिलंत की ती सगळी मोजमापं तुम्ही एका पोत्यात भरली. रकाना वेगळा ठेवा आणि वाक्यही वेगळं करा.

याच समीकरणावर संदर्भाची दुसरी अडचणही दिसते. ते मुळात बिबट्याचं नाही. ॲकरमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ते प्यूमावरून, म्हणजे अमेरिकेतल्या पहाडी सिंहावरून काढलं. पण तुम्हाला ते एखाद्या भारतीय पेपरच्या पद्धतीत भेटलेलं असतं, आणि हात आपोआप त्या भारतीय पेपरचा संदर्भ टाकतो. किंवा उलट, १९८४ चा पेपर न उघडताच त्याचा संदर्भ उचलून सूचीत घातला जातो. दोन्ही चूक. मूळ मिळवा, वाचा, मग मूळाचा संदर्भ द्या. मिळालाच नाही तर "ॲकरमन आणि सहकारी, १९८४, अमुक यांच्यात उद्धृत" असं सरळ लिहा आणि सूचीत फक्त तुम्ही वाचलेला पेपर ठेवा. समीकरण प्यूमाचं आहे हे कळल्यावर बिबट्याला ते कितपत लागू पडतं हा प्रश्न सुचतो, आणि असा प्रश्न हाच तर आढाव्याचा ऐवज. उचललेल्या संदर्भातून तो कधीच सुचत नाही.

आकड्यांचं पुनर्कथन करताना मराठीत एक खास खड्डा आहे. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर माणसांवरच्या हल्ल्यांचं काय झालं, यावर अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर आहे. त्यात हल्ले ३२५ टक्क्यांनी वाढल्याचं म्हटलं आहे, वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर. "वेगळ्या शब्दांत" म्हणून कुणी लिहितं "हल्ले सव्वातीन पट झाले". १७ भागिले ४ करून बघा, सव्वाचार पट येतात. टक्क्यांनी वाढणं आणि पट होणं यांत एका पटीचा फरक असतो. त्यामुळे आकडा ज्या रूपात मूळात आहे त्याच रूपात ठेवा, आणि रूप बदलायचंच असेल तर मूळ दोन संख्या द्या.

टक्क्यांइतकाच लेखकांचा सूर जपायला हवा. मुंबईच्या बिबट्यांवर ब्राच्कोव्स्की आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा पेपर आहे. भटके कुत्रे खाऊन बिबटे रेबीजचा धोका कमी करत असावेत, असं ते सुचवतात. एका विशिष्ट गृहीतक-संचाखाली वर्षाला ९० पर्यंत माणसांचे प्राण वाचू शकतील, असं त्यांनी म्हटलं आहे. "एका गृहीतक-संचाखाली", "पर्यंत", "शकतील". हे तीन शब्द गाळून "मुंबईतले बिबटे दरवर्षी ९० माणसांचे जीव वाचवतात (ब्राच्कोव्स्की आणि सहकारी, २०१८)" असं लिहिलं, तर तुम्ही त्यांच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं. ही चोरी नाही, पण संदर्भ खोटा आहे, आणि माझ्या मते चोरीपेक्षा कमी गंभीर नाही. परीक्षक म्हणून मी हेच आधी तपासतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, सगळे तेच सांगत असतील तर? आधी ते खरंच वेगवेगळे अभ्यास आहेत का बघा. कुत्र्यांवरचा तो 'ओरिक्स'चा पेपर २०१४ मध्ये ऑनलाइन आला आणि अंकात २०१६ मध्ये छापला गेला. दोन्ही वर्षांनी तो सूचीत दोनदा आलेला मी पाहिला आहे, आणि मजकुरात "दोन अभ्यासांतून दिसतं" असं वाक्यही. डीओआय जुळवला की हे लगेच कळतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारावर एडगावकर आणि चेल्लम यांचा १९९८ चा अहवाल आहे आणि २००२ चा पेपर. अशा जोड्या दिसल्या की विदा एकच आहे का ते पद्धतीच्या भागातून तपासा. एकच असेल तर तो एक पुरावा आहे.

मग टिपणांचा तक्ता समोर घ्या, पेपर नव्हे, आणि रकाना उभा वाचा. पेपरमागून पेपर लिहिलात की "अमुक यांना असं आढळलं, तमुक यांना तसं आढळलं" अशी माळ होते आणि प्रत्येक मणी त्या त्या पेपरच्या सारांशातून निघतो. चोरीची सगळ्यात सुपीक जागा हीच. रकाना उभा वाचल्यावर जो प्रश्न पडतो, तो वाक्याचा कर्ता होतो. माझ्यासमोर असे तीन पेपर असते तर मी असा परिच्छेद लिहिला असता:

"एकत्रित विश्लेषणात ३३ अभ्यासांवरून बिबट्याची पसंती साधारण १० ते ४० किलो वजनाच्या भक्ष्याला दिसते (हेवर्ड आणि सहकारी, २००६). आपल्या गावांतला प्रौढ कुत्रा बहुधा या पट्ट्यात बसतो, पण शेळीही बसते. म्हणून मानवी वस्तीतली निवड केवळ वजनानं समजत नाही. अहमदनगरच्या शेतीप्रदेशात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही जैवभारात त्यांचा वाटा ११ टक्केच होता, कुत्र्यांचा ३९ (अत्रेय आणि सहकारी, २०१६). रात्री काय मोकळं फिरतं आणि काय कोंडलेलं असतं, याचा इथे संबंध असू शकतो. कुत्र्यांवरची ही शिकार माणसाच्या आरोग्यालाही लाभदायक ठरू शकेल असं मुंबईसाठी सुचवलं गेलं आहे, मात्र तो अंदाज ठरावीक गृहीतकांवर उभा आहे (ब्राच्कोव्स्की आणि सहकारी, २०१८)."

यात दुसरं आणि तिसरं वाक्य माझं आहे, म्हणून त्यांना संदर्भ नाही आणि पहिल्या वाक्याचा संदर्भ पूर्णविरामाआधीच संपला आहे. प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो का, याचं उत्तर इथेच आहे. दुसऱ्याचं निरीक्षण, आकडा किंवा कल्पना जिथे संपते तिथे कंस. परिच्छेदाच्या शेवटी सगळे कंस एकत्र टाकले, तर तुमचं अनुमानही हेवर्डच्या नावावर जातं आणि त्यांचं निरीक्षण तुमच्या. कोंडलेल्या शेळ्यांचं कारण अत्रेय यांच्या लिखाणातूनच मला सुचलेलं असेल, तर ते पाचवं वाक्य म्हणून कंसाबाहेर ठेवता येणार नाही, तिथेही त्यांचं नाव येईल. वरचा परिच्छेद सुधारताना मी खरंच तसं करीन. हे कारण त्यांचंच आहे, ते कंसात गेलं पाहिजे. ही तपासणी मलाही दर वेळी करावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी मार्गदर्शक फारशी सांगत नाहीत. हेवर्ड यांच्यासारख्या एकत्रित विश्लेषणातून ते ३३ संदर्भ उचलून "अनेक अभ्यास दाखवतात" म्हणत आपल्या कंसात ओतणं. शब्द एकही घेतलेला नसतो, पण शोधण्याचं आणि निवडण्याचं काम त्यांचं होतं. त्यांच्या यादीवरून तुम्ही वाचायला सुरुवात केली असेल, तर तसं एका वाक्यात लिहा, आणि जे स्वतः वाचले तेवढेच स्वतंत्रपणे उद्धृत करा.

'अहमदनगर'बद्दल जाता जाता: जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अभ्यासातलं नाव पेपरात आहे तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला नवं नाव कंसात द्या, नाहीतर उद्या कुणीतरी ही दोन अभ्यासक्षेत्रं समजेल.

प्रकरण पुन्हा देण्याआधी एक दिवस हे करा. छापील प्रतीतून कुठलीही वीस संदर्भ असलेली वाक्यं निवडा. प्रत्येकासाठी मूळ पेपर उघडा, ते पान काढा, आणि तीन गोष्टी बघा: ते तिथे आहे का, त्याच मोजमापात आहे का, तितक्याच ठामपणे आहे का. वीसपैकी तीनपेक्षा जास्त वाक्यं अडली तर निवडलेली वीसच नव्हे, पूर्ण प्रकरण तक्त्यावरून पुन्हा लिहायला घ्या. चाळीस पेपरांची टिपणं नव्यानं करायला, दिवसाला तीन धरले तर, दोन आठवडे लागतील. तुमच्याकडे सहा महिने आहेत.